प्रॉम्प्टमध्ये दार 7 फूट लिहिलं, तरी बाई कडीएवढीच

मीनल_चिपळूण

नमस्कार मंडळी. मी घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करते. सध्या गुहागरजवळच्या एका जुन्या घराचं होमस्टे करण्याचं काम हातात आहे. काम सुरू होण्याआधी क्लायंटला अंदाज यावा म्हणून मी स्टेबल डिफ्यूजनवर चित्रं काढून दाखवते. दर्शनी बाजू अशी: अंगण, तीन पायऱ्या, ओटी, मधोमध सागवानी मुख्य दार आणि दाराशी उभी घरमालकीण.

चित्र देखणं आलं. क्लायंट खूश. चार दिवसांनी सुताराचा फोन आला, "ताई, चौकट खरंच दहा फुटांची करायची का?" क्लायंटने तेच चित्र त्याला दाखवून "अस्सं दार हवं" म्हणून सांगितलं होतं. लाकूड कापलं नव्हतं म्हणून निभावलं.

मग मी चित्र मोजलं. दार 612 पिक्सेल, दाराला टेकून उभी असलेली बाई 340. दार 7 फुटांचं धरलं तर बाई जेमतेम 3 फूट 11 इंच भरते. उलट बाई सव्वापाच फुटांची धरली तर दार साडेनऊच्या घरात जातं, म्हणजे सुताराचा अंदाज बरोबरच होता. आणि मी प्रॉम्प्टमध्ये उंची स्पष्ट लिहिली होती:

```
traditional Konkan house, grand carved wooden door 7 feet high,
woman in saree at the door, wide angle, majestic, evening light
```

दाराची उंची लिहून माणसाचं माप खरंच सुधारतं का? की दुसरी एखादी ओळखीची वस्तू सांगायला हवी? तुम्ही काय करता?

---

ठोकताळा

आकडा लिहायचाच, पण फुटांत नाही, मिलिमीटरमध्ये. मी नेहमी `2100mm door` लिहितो आणि माणसं बरोबर येतात. फुटांचा घोळ होतो.

---

अण्णा_निवृत्त_अभियंता

मीनलताई, 7 फूट हे चौकटीचं बाहेरचं माप. वरच्या आडव्या लाकडाचे अडीच-तीन इंच वजा केले की फळीला पावणेसात फूट उरतात. जुन्या कोकणी घरांत मुख्य दारही यापेक्षा ठेंगणं असतं, आत जाताना मान लववावी लागते. होमस्टेला उंच पाहुणे येतील तर 7 फूट योग्यच. उंबरा किती ठेवताय? चार इंचांच्या वर नको, म्हाताऱ्या माणसांना ठेच लागते.

---

मीनल_चिपळूण

अण्णा, दार किती उंच करायचं ते ठरलं आहे. चित्रातलं दार त्या मापाचं दिसत नाही, ही अडचण आहे. पण फळी आणि चौकटीतला फरक तुम्ही सांगितलात ते बरं झालं. मी चौकटीसकट मोजलं होतं.

ठोकताळा, मिलिमीटरने करून बघते.

---

शाईची_दौत

मी मुलांसाठी चित्रगोष्टी करते. मलाही सुरुवातीला वाटायचं की आकडा दिला की झालं. `7 feet door` लिहिल्यावर एकदा दारावर ठसठशीत 7 हा अंक आला, एकदा ओळीने बरीच दारं आली, आणि एकदा उंबऱ्यावर नुसती पावलं! मुलीला ते चित्र इतकं आवडलं की तिने त्यावर भुताची गोष्ट रचली.

---

रेषा_आणि_सावली

मी वीस वर्षं आर्किटेक्टांसाठी व्ह्यू करतो आहे. आधी हाताने, मग थ्रीडीत, आता हेही. माझं म्हणणं थोडं सविस्तर लिहितो.

हे मॉडेल चित्रं आणि त्यांच्या खालच्या ओळींवरून शिकलेलं आहे. दाराच्या फोटोखाली लोक "जुन्या घराचं लाकडी दार" असं लिहितात, "2100 मिलिमीटर उंच दार" असं जवळजवळ कुणी लिहीत नाही. म्हणून आकड्याला धरून ठेवायला त्याच्याकडे काही नसतं. `grand`, `carved`, `majestic` या शब्दांचे फोटो मात्र त्याने भरपूर पाहिलेत आणि ते राजवाड्यांचे, देवळांचे, किल्ल्यांच्या दरवाजांचे आहेत. तिथे माणूस कडीएवढाच दिसतो. मीनल, तुझ्या प्रॉम्प्टमध्ये एक आकडा बारीक आवाजात 7 फूट म्हणतोय आणि तीन शब्द ओरडून महाल म्हणताहेत.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठव. अंबारीसकट हत्ती जावा एवढा तो आहे, आणि माणसांसाठी त्याच्याच एका फळीत छोटा दिंडी दरवाजा ठेवलाय. मॉडेलला `carved door` म्हटल्यावर यातलं कोणतं दार हवंय हे कळायला मार्ग नाही.

म्हणून माप न सांगता नातं सांगायचं. सव्वापाच फुटांची बाई 7 फुटांच्या दाराच्या तीन चतुर्थांश येते. तेच लिही:

```
plain single-leaf wooden door, woman standing beside it,
top of her head three-quarters up the door,
door latch at her waist, eye-level view
```

"कमरेशी कडी" अशी चित्रं त्याने हजारोंनी पाहिलेली असतात, त्यामुळे ते जमतं. `wide angle` काढून टाक, त्याने जवळच्या गोष्टी फुगतात आणि लांबच्या आक्रसतात.

---

ठोकताळा

मग माझ्या मिलिमीटरने का जमतं? मी शंभरेक चित्रं काढली असतील.

---

रेषा_आणि_सावली

तुझा पूर्ण प्रॉम्प्ट टाक बघू.

---

ठोकताळा

```
modern apartment corridor, flush door 2100mm, man with
backpack unlocking the door, realistic photo
```

---

रेषा_आणि_सावली

त्यातलं `2100mm` काढून तेच सीड ठेव आणि पुन्हा काढ. माझी खात्री आहे, माणूस तेवढाच येईल. फ्लॅटचं फ्लश दार आणि कुलूप उघडणारा माणूस, या दोघांतच माप आलं. हात कुलपाला पोचायचा तर तो माणूस योग्य उंचीचाच काढावा लागतो.

---

ठोकताळा

करून पाहिलं. आठ चित्रं आकड्यासकट, आठ आकड्याशिवाय, सीड तेच. डोळ्यांना फरक दिसत नाही. एका चित्रात आकड्यामुळे दारावर खोलीनंबरासारखी पाटी आली होती, ती गेली एवढंच.

तरीही एक सांगतो. वाक्य नीट वाचणारी जी नवी मॉडेलं आली आहेत, त्यांना `twice as tall as the man` वगैरे बरंच कळतं. त्यांच्यात आकडाही थोडा चालतो असं मला वाटतं.

---

रेषा_आणि_सावली

गुणोत्तर त्यांना जास्त कळतं, हे मान्य. आकड्याचं मला अजून पटलेलं नाही. "थोडा" म्हणजे किती, हे मोजून सांग.

---

परसदार

कमरेशी कडी हे फ्लॅटला ठीक. मीनलताईंच्या घराला नाही. आमच्या आजोळच्या घराला साखळी वर असायची, ती फळीच्या वरच्या टोकाला आणि कोयंडा चौकटीच्या माथ्याला. आम्ही मुलं पाटावर चढून काढायचो. कोकणातलं जुनं दार दाखवायचं आणि कडी कमरेशी, म्हणजे माप बरोबर आलं तरी दार चुकलं.

---

मीनल_चिपळूण

परसदार, अगदी खरं. या घरालाही वरच साखळी आहे आणि ती ठेवायचीच असं क्लायंटचं म्हणणं आहे. मग कमरेशी काय दाखवू?

---

परसदार

ओटीचा कठडा. किंवा ओटीवर एखादी लाकडी खुर्ची, तिच्या पाठीवर बाईचा हात ठेवलेला.

---

रेषा_आणि_सावली

परसदार यांचं बरोबर, कडीची सूचना मी मागे घेतो. हात ठेवलेली वस्तू उत्तम. नुसती वस्तू शेजारी असली तर मॉडेल तिलाही वाटेल तशी लहानमोठी करतं. हात टेकला की दोघांची गाठ बसते. खुर्चीची बैठक दीड फुटाच्या आसपास आणि पाठ साधारण तीन फुटांपर्यंत असते, सगळ्या जगात जवळजवळ तेवढीच. म्हणून तिचे फोटो एकमेकांशी जुळतात.

तुळशी वृंदावन मात्र मापाला घेऊ नका. ते गुडघ्याएवढंही असतं आणि छातीएवढंही.

---

मंडप_मित्र

आमच्या मंडळाचा देखावा मी असाच काढतो. मूर्ती 12 फुटांची आणि समोर आरतीला उभे कार्यकर्ते. मूर्ती कधी माणसाएवढी येते, कधी चार मजली. दार नसेल तिथे काय करायचं?

---

रेषा_आणि_सावली

तिथे माणूसच तुमची मोजपट्टी. 12 फूट म्हणजे माणसाच्या दुपटीहून थोडं जास्त. "मूर्तीच्या पायाशी उभा पुजारी, त्याचं डोकं मूर्तीच्या मांडीशी" असं लिहा. चौरंगाची उंची त्यात धरायला विसरू नका.

---

मंडप_मित्र

मूर्ती बसलेली आहे. चौरंग 3 फूट, मूर्ती त्यावर 12. मग मांडीशी छाती-डोकं येईल. बरोबर. आज रात्री करतो.

---

न्यूजर्सीची_नात

इकडे घरातलं दार सर्रास 6 फूट 8 इंच असतं, म्हणजे आपल्या 7 फुटांहून चारच इंच कमी. त्यामुळे मॉडेल परदेशी फोटोंवर शिकलंय म्हणून दार चुकतं, असं मला वाटत नाही. छताचं मात्र वेगळं आहे. इथल्या बऱ्याच घरांत छत 8 फुटांवर, म्हणजे दाराच्या वर हातभर भिंतही नाही. आपल्याकडे 10 फूट, दाराच्या वर झरोका किंवा माळा. मी `high ceiling` लिहिलं की मॉडेल दार ताणून छताजवळ नेतं. भिंत कोरी ठेवायची त्याला सवय नसावी, असा माझा कयास आहे. `ventilator window above the door` असं लिहायला लागल्यापासून दार खाली राहतं.

---

मीनल_चिपळूण

हे फारच उपयोगी. आमच्या दारावर गजांचा झरोका आहेच, तो मी प्रॉम्प्टमध्ये लिहिलाच नव्हता.

---

चिरेबंदी

चिऱ्याचे थर मोजले तर? भिंत जांभ्याची आहे ना? एका थराची उंची माहीत असली की दार किती थरांचं ते ठरतं. प्रॉम्प्टमध्ये थरांची संख्या लिहायची.

---

रेषा_आणि_सावली

बांधकामावर हे अचूक, चित्रात नाही. मॉडेलला थर मोजता येत नाहीत. एकाच भिंतीत दाराच्या डावीकडे चौदा थर आणि उजवीकडे सतरा असं मी पाहिलंय. फरशी, कौलं, विटा, पायऱ्या, ज्या वस्तू रांगेत पुन्हा पुन्हा येतात त्या मोजपट्टी म्हणून कच्च्या. एकेकटी वस्तू घ्या.

आता तपासणीबद्दल. बाई नेमकी दाराला टेकून असेल तर पिक्सेल मोजून भागतं. पण माणसं पुढेमागे असतील तर क्षितिजरेषा शोधावी लागते. ओटीच्या कडा, आडव्या तुळया, फरशीच्या रेषा मागे मागे जाऊन जिथे मिळतात त्या उंचीवर आडवी रेघ मारायची. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांशी असेल तर सपाट जमिनीवरच्या सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे जवळपास त्याच रेघेवर हवेत, मग माणूस पुढे असो की दूर. आणि डोळे 5 फुटांवर धरले तर तीच रेघ 7 फुटांच्या दाराला पाच सप्तमांशावर, म्हणजे खालून सत्तर टक्क्यांवर छेदते. रेघ दाराच्या मध्यावर आली तर समजायचं की दार दहा फुटांचं झालंय.

---

अण्णा_निवृत्त_अभियंता

इथे एक चूक होते आहे. मीनलताईंनी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. सहा इंची धरल्या तर जोतं दीड फूट. चित्र अंगणातून आहे, म्हणजे बघणाऱ्याचे डोळे अंगणापासून 5 फुटांवर आणि ओटीपासून साडेतीनवर. साडेतीन म्हणजे 7 फुटांच्या दाराचा बरोबर मध्य. त्यामुळे तुमच्या नियमाने दार दहा फुटांचं ठरेल, पण ते असेल सातचंच.

---

रेषा_आणि_सावली

अण्णा, नमस्कार करतो. मी "सपाट जमिनीवर" म्हणालो आणि लगेच तो नियम जोत्यावरच्या दाराला लावला. तुमचं बरोबर. या चित्रात रेघ दाराच्या मध्यावर हवी, ओटीवरच्या बाईच्या कमरेच्या जरा वर हवी, आणि अंगणात कुणी उभं असेल तर त्याच्या डोळ्यांवर.

---

अण्णा_निवृत्त_अभियंता

आमच्या वेळी ड्रॉइंग बोर्डावर टाचणी टोचून दोऱ्याने हे करत असू. प्रॉम्प्ट म्हणजे काय ते आता समजलं, इथे सगळं वाचून.

---

फावडा

एवढं कशाला? चित्र रिकामं काढा आणि बाईचा कापलेला फोटो फोटोशॉपमध्ये हव्या त्या मापाने चिकटवा. पाच मिनिटांचं काम.

---

मीनल_चिपळूण

फावडा, माणूस त्याने बरोबर येईल, पण दार मोठं आलंय हे तेव्हाच कळेल. आणि संध्याकाळच्या तिरक्या उजेडात चिकटवलेली बाई वेगळी दिसते, मी करून पाहिलं आहे.

इतरांसाठी आतापर्यंतचा हिशेब. सगळीकडे आठ-आठ चित्रं काढली. जुना प्रॉम्प्ट, आकड्यासकट: एका चित्रात माप पटण्यासारखं. फक्त `grand`, `majestic`, `wide angle` काढून: दोन. नातं लिहून, झरोका लिहून, बाईचा हात खुर्चीच्या पाठीवर: चार. सुधारणा आहे, पण निम्मी चित्रं अजून चुकतात, आणि चुकतात ती मोठ्या दाराकडेच.

---

रेषा_आणि_सावली

प्रॉम्प्टने याच्या फार पुढे जाता येणार नाही. आता रेषा दे. स्केचअपमध्ये जोतं, पायऱ्या, चौकट, झरोका एवढं साधं मॉडेल खऱ्या मापाने कर आणि कॅमेरा अंगणापासून 5 फुटांवर ठेव. त्याचं रेषाचित्र कंट्रोलनेटला दे. सरळ रेषांसाठी `mlsd` घराला चांगलं. दार मग हलत नाही.

माणूस मात्र त्या रेषांत घालू नकोस. आधी रिकामं घर काढ, मग इनपेंटने बाई घाल.

---

मीनल_चिपळूण

दार जागेवर बसलं! चौकट चित्रात 612 पिक्सेलचीच ठेवली, म्हणजे तुलना सोपी. बाई 459 पिक्सेलची हवी. तेवढ्याच उंचीचा मास्क दाराशेजारी रंगवला, `Only masked` निवडलं, आणि आलं काय, तर कमरेपासून वरची बाई मास्क भरून! म्हणजे पुरी उभी केली तर दहा फुटांच्याही वर जाईल. मास्क बरोबर असून असं का?

---

शाईची_दौत

हे माझ्याकडे सतत व्हायचं. `Only masked` मध्ये ते फक्त मास्कभोवतीचा तुकडा कापून मोठा करून रंगवतं. `Only masked padding, pixels` हा आकडा मुळात 32 असतो. म्हणजे रंगवताना त्याला मास्कच्या बाहेरचे 32च पिक्सेल दिसतात. तुझं दार त्या तुकड्यात आलंच नसणार, नुसती भिंत दिसली असणार. भिंतीसमोर बाई म्हटलं की ते हवी तेवढी काढतं.

तो आकडा एवढा वाढव की उंबऱ्यापासून झरोक्यापर्यंत अख्खं दार त्या तुकड्यात येईल. मी 200 च्या पुढे नेते. चेहरा थोडा भरड येतो, तो नंतर वेगळा मास्क करून नीट करायचा.

---

रेषा_आणि_सावली

हे मला ठाऊक नव्हतं. मी नेहमी पूर्ण चित्रावर करत आलो आणि चेहरे खराब येतात म्हणून कुरकुरत होतो. म्हणजे प्रॉम्प्टमध्ये दार लिहिणं आणि रंगवताना दार डोळ्यांसमोर असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

मीनल_चिपळूण

240 ठेवलं. प्रॉम्प्टमध्ये `full body, feet on the floor` घातलं, पाऊल ओटीवर टेकायला हवं म्हणून. आठपैकी सहा चित्रांत बाई 440 ते 470 च्या मध्ये. 84 इंचांच्या चौकटीला हे 5 फूट ते 5 फूट साडेचार इंच होतं. घरमालकीणबाई खऱ्या 5 फूट 2 आहेत. उरलेल्या दोनांत एकीचे पाय ओटीच्या फरशीत गेलेत, दुसरी बसलेलीच आली.

अण्णांची रेघही मारून पाहिली. दाराच्या मध्यावर, बाईच्या कमरेच्या जरा वर. तंतोतंत.

---

मंडप_मित्र

आमचं पण जमलं! पुजाऱ्याचं डोकं मांडीशी. फक्त पुजारी पंधरा आले, सगळे एकाच उंचीचे, सगळ्यांचे चेहरे तेच.

---

ठोकताळा

मंडप_मित्र, त्यांना एकसारखे फेटे बांधा, ढोलपथक म्हणून खपतील.

नव्या मॉडेलवर आकड्याची चाचणी केली. गुणोत्तराने आठपैकी सहा, नुसत्या आकड्याने तीन. म्हणजे "थोडा" एवढाच. पण तीन हे शून्य नाही, मी आकडा लिहीत राहणार.

---

रेषा_आणि_सावली

आणि आकडाही नाही, गुणोत्तरही नाही, नुसतं साधं दार लिहिलं तर किती?

---

ठोकताळा

ते काढायचं राहिलं. उद्या.

---

अण्णा_निवृत्त_अभियंता

मीनलताई, सुताराला चित्र पाठवताना चौकटीच्या बाजूला 7'-0" असा बाण काढून पाठवा. चित्र कितीही बरोबर असलं तरी तो बाण हवा.

---

मीनल_चिपळूण

काल तसंच पाठवलं अण्णा, फळीचं माप वेगळं लिहून. त्याने विचारलं, "आणि उंबरा?" तीन इंच सांगितला.